रोज एकाच शाळेत, रोज एकाच गाडीवर

*ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत आहे. वय तीस. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्याच्याकडे, मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडेच. तो मूळचा मराठवाड्यातला, इथे तालुक्याला खोली करून राहतो. शाळा तिथून चौदा किलोमीटर. एसटीच्या वेळा जुळत नाहीत म्हणून दोन वर्षं मी त्याच्याच गाडीवरून जाते-येते. दिवाळीनंतर मी त्याला मनातलं सांगितलं. तो म्हणाला, ‘माझ्या मनात तसं काही नाही, पण तुझ्यासारखी मैत्रीण मला गमवायची नाही.’ त्यानंतर त्याने काहीच बदललं नाही. डबा एकत्र, रात्री मेसेज. आता त्याच्या घरचे स्थळं बघतायत आणि तो मला मुलींचे बायोडेटा दाखवून ‘कशी वाटते?’ विचारतो. मी हसून सांगते आणि घरी येऊन रडते. कधी वाटतं, थांबले तर त्याला कळेल. बोलणं बंद करू का? बदली मागू का? आईही माझ्यासाठी स्थळं बघतेय, कुणाला तरी होकार देऊन टाकू का? हे कधी संपणार?*

*— एक शिक्षिका*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या रडण्यापेक्षा मला ‘थांबले तर त्याला कळेल’ या वाक्याची जास्त काळजी वाटली. रडणं दिवसाकाठी ओसरतं. हे वाक्य मात्र माणसाला वर्षानुवर्षं एका जागी बसवून ठेवतं.

त्याने दिलेलं उत्तर दोन भागांचं होतं. पहिल्या भागात नकार होता, दुसऱ्यात तुझ्याबद्दलची आपुलकी. तू त्या दुसऱ्या भागाच्या आधाराने दिवस काढते आहेस. हे तुझ्या एकटीचं होतं असं नाही. रॉय बाउमाइस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांकडून त्यांच्या हकिकती लिहून घेतल्या. नकार देणाऱ्यांच्या लिखाणात अपराधीपणा खूप होता. समोरचं माणूस चांगलं आहे, त्याला दुखवायचं नाही आणि होही म्हणता येत नाही, अशा वेळी बोलायचं कसं हे त्यांना सुचत नव्हतं. मग ते नकाराला मऊ कापडात गुंडाळून देतात आणि घेणारा ते कापडच छातीशी धरून बसतो. तुझ्या मित्राने मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. तो खरं बोलला, दोन्ही भाग खरे बोलला. तुझ्याशी मैत्री हवी याचा अर्थ मैत्रीच हवी एवढाच आहे, त्याच्यामागे आणखी काही दडलेलं नाही. इतर मुलींचे बायोडेटा तो तुझ्यासमोर ठेवतो, तेव्हा त्याच्या लेखी हा विषय संपलेला आहे. तू हसून मत देतेस, त्यामुळे तुझ्या लेखीही तो संपलाय असं त्याला वाटत असणार.

आता संपवायचं म्हणजे नक्की काय, ते बघू. बहुतेक जण त्या माणसाला विसरायच्या मागे लागतात आणि तिथेच अडकतात. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की पाच मिनिटं मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. पुढे बंदी उठवली तेव्हा, ज्यांनी तो विचार दाबला होता त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. म्हणून वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना त्याची आठवण आली तर तिच्याशी भांडू नकोस. येऊ दे, जाऊ दे. तुझं काम त्या आठवणीला रोज नवं खाद्य मिळू न देणं, एवढंच आहे.

हे खाद्य कोणतं, ते डोरोथी टेनॉव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी फार बारकाईने मांडलं. त्यांनी शेकडो माणसांशी बोलून १९७९ साली लिहिलं की अशी ओढ दोन गोष्टींवर जगते, आशा आणि अनिश्चितता. पूर्ण होकार मिळाला तर ती हळूहळू साध्या सहवासात बदलते. आशेला काहीच मिळालं नाही तर उपासमारीने विरते. पण आज थोडं मिळालं, उद्या नाही, परवा पुन्हा थोडं, असं चालू राहिलं तर ती तगून राहते. तुझा दिवस आठव. सकाळी गाडीवर तो दिलखुलास बोलला की तुझा अख्खा दिवस उजळतो. संध्याकाळी गप्प राहिला की रात्रभर तू त्याचा अर्थ लावत बसतेस. तो बहुधा नुसता दमलेला असतो.

शहरातल्या मोठ्या ऑफिसात असतीस तर मी टीम बदल, मजला बदल असं सांगितलं असतं. तुमची शाळा दोघांची आहे. एकजण प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, शिक्षण परिषद, पालकसभा, सगळं दोघांनी मिळूनच करायचं. तेव्हा संपर्क तोडणं शक्य नाही आणि तशी गरजही नाही. शाळेचं बोलणं आणि शाळेपलीकडचं बोलणं वेगळं कर. पहिलं पूर्ण मोकळं ठेव आणि दुसरं बंद कर.

सुरुवात गाडीपासून कर. हे सगळ्यात अवघड आहे, पण डबा किंवा मेसेज आधी बंद करून गाडी चालू ठेवलीस तर काहीच हाताला लागणार नाही. जाता-येता मिळून रोजचा तासभर तू त्याच्या अगदी मागे बसलेली असतेस, दोघांशिवाय तिसरं कुणी नाही. दुसरं काही शोध. सकाळची एसटी शाळेच्या तासभर आधी पोहोचत असेल तर त्यातून जा आणि तो तास शाळेच्या कागदांना दे. त्याच रस्त्यावर पुढच्या गावांत शिकवणाऱ्या बाई असतील, त्यांच्यापैकी कुणाच्या स्कूटीवर जागा आणि पेट्रोल वाटून घेता येईल. वडाप आहे. स्वतःची गाडी घेण्याचा विचार आधीपासून मनात असेल तर आता घे. यातली कुठलीही सोय त्याच्या गाडीइतकी सोयीची नसेल, हे मला माहीत आहे.

त्याला न सांगता हे करू नकोस. अचानक गायब झालीस तर तो काळजीने विचारत राहील आणि ते विचारणंच तुला पुन्हा गोड लागेल. एकदाच, शाळेत, मुलं मैदानावर असताना, दोन मिनिटांत सांग: “मी तुला जे सांगितलं होतं, ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. तुझं उत्तर मला मान्य आहे. पण ते जाण्यासाठी मला थोडं लांब राहावं लागेल. मी सोमवारपासून माझी माझी येत जाईन. शाळेचं काम आहे तसंच चालेल. रात्रीचे मेसेज आणि स्थळांबद्दलचं बोलणं मात्र काही दिवस माझ्याकडे नको.” एवढंच. यात त्याने काही उत्तर द्यावं अशी अपेक्षा ठेवू नकोस, आणि या निमित्ताने पुन्हा एकदा मन मोकळं करू नकोस. बोलताना डोळे भरून आले तर चालेल. पण तो ‘मग आता मी काय करू?’ म्हणाला तर ‘काही नाही, फक्त हे पाळ’ एवढंच म्हण.

हे बोलण्याआधी एक तपासणी कर. हे ऐकून त्याचं मन बदलेल, अशी आशा तुझ्या मनात आहे का? असेल तर आठ दिवस थांब, नुसती एसटीने जायला लाग आणि मग बोल. नाहीतर हे दुसऱ्यांदा विचारणंच होईल.

तू बोलणं बंद करायचं विचारलंस. अबोला धरू नकोस. त्यात आपण समोरच्याने तो मोडायची वाट बघतो. तो कधी विचारेल, विचारताना त्याचा चेहरा कसा होता, आज त्याने दोनदा पाहिलं का, यातच दिवस जातो. म्हणजे तोंड बंद आणि आशा आधीपेक्षा जागी. त्यापेक्षा ‘सर, केंद्रावर माहिती आज पाठवायची आहे, तिसरी-चौथीचे आकडे द्या’ हे साध्या आवाजात बोललेलं बरं. एकटे असताना तुम्ही अरे-तुरे करत असाल, तर निदान शाळेच्या वेळेत ‘सर’ म्हणायला लाग. मुलांसमोर तसंही म्हणतच असशील. सुरुवातीला परकं वाटेल, आणि तो परकेपणा सध्या तुझ्या कामाचाच आहे.

डब्याचं त्या मानाने सोपं आहे. पोषण आहाराची पंगत बसते तेव्हा तुझा डबा घेऊन पहिली-दुसरीच्या पोरांमध्ये बस. लहान मुलांना वाढताना, सांडलेलं आवरताना बाई तिथे असल्या तर कुणाला नवल वाटत नाही. गावात चर्चा होऊ न देणं तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे, हे तू लिहिलं नसलंस तरी मी समजू शकते.

चार्ज तुझ्याकडे असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागेल. त्याची किरकोळ रजा, प्रशिक्षणाला कुणी जायचं, कामाची वाटणी, यात तुझ्या मनाची सावली पडू देऊ नकोस. दुखावलेली असताना रजेवर प्रश्न विचारावेसे वाटतील आणि हळवी असताना त्याची कामं स्वतःकडे घ्याविशी वाटतील. दुसरं जास्त धोक्याचं आहे, कारण ते चांगुलपणासारखं दिसतं. त्याने भरायची माहिती तू रात्री जागून भरलीस की सकाळी त्याच्या ‘थँक्यू’ची वाट बघणं आलंच. ज्याचं काम त्याने करावं.

राहिला फोन. त्याचे स्टेटस म्यूट कर. त्याचं चॅट अर्काइव्हमध्ये टाक, डिलीट करू नकोस, कारण डिलीट केलेलं परत मिळवण्याची धडपड वाईट असते. शाळेचं सगळं शाळेच्या ग्रुपवर चालू दे. आणि एक खासगी विचारते, उत्तर स्वतःलाच दे. तू स्वतः स्टेटस ठेवतेस ते कुणी बघावं म्हणून? कुणी-कुणी पाहिलं त्या यादीत आधी त्याचं नाव शोधत असशील, तर काही महिने स्टेटस ठेवणं थांबव.

हे सगळं केल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक दिवस येईल, त्याची तयारी ठेव. तो जवळ येऊन म्हणेल, “खरंच इतकं लांब जायची गरज आहे का? मला तुझी आठवण येते.” आणि तुला वाटेल, बघ, कळलंच की त्याला. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. त्याला आठवण येत असेलच. दोन वर्षं रोज सोबत असलेली मैत्रीण दूर गेली तर कुणालाही येईल, शिवाय तो घरापासून लांब, परक्या तालुक्यात एकटा राहतो. पण ‘आठवण येते’ म्हणजे ‘मला तुझ्याशी लग्न करायचंय’ नव्हे. ज्याचं मन खरंच बदललेलं असतं तो स्थळं बघणं थांबवतो, घरी बोलतो आणि तुला स्पष्ट सांगतो. यातलं काही घडलेलं नसेल तर तुझं उत्तर ठरलेलं असू दे: “गरज आहे. अजून काही महिने.” आणि वर्गात जा.

रात्रींचं काय करायचं, तेही सांगते. सँड्रा लँगेस्लाग आणि मिशेल सांचेझ या संशोधकांनी २०१८ साली प्रेमभंग झालेल्या माणसांवर काही उपाय करून पाहिले. त्या माणसाच्या न पटणाऱ्या गोष्टी आठवल्या की प्रेमाची भावना कमी झाली, पण मन खट्टू झालं. मन दुसरीकडे गुंतवलं की बरं वाटलं, पण प्रेम तेवढंच राहिलं. हा प्रयोग लहान होता आणि नातं तुटलेल्या माणसांवर होता, तुझ्यासारख्यांवर नव्हे. तरीही माझ्याकडे येणाऱ्यांच्या अनुभवाशी तो जुळतो. म्हणून मी दोन्ही सांगते, पण वेगवेगळ्या वेळी. रविवारी सकाळी, डोकं शांत असताना, वहीत लिही. त्याला नावं ठेवू नकोस, तुमच्या दोघांच्या संसाराचं तू रंगवलेलं चित्र खऱ्या गोष्टींशी ताडून बघ. त्याला आपल्या जिल्ह्यात परत जायचं असेल आणि तुझे आईवडील इथे असतील, तर तू कुठे राहिली असतीस? तुझ्या कठीण प्रसंगी त्याने स्वतःहून काय केलं, आणि काय तू मनाने भरून घेतलंस? हे लिहून वही बंद कर. रात्री मात्र हे करायचं नाही. रात्री माणसांत राहा. आईबरोबर स्वयंपाकघरात, बहिणीशी फोनवर, तालुक्याच्या वाचनालयात, जिथे बोलणं किंवा हात चालू राहतील तिथे.

बदली या कारणासाठी मागू नकोस. ऑनलाइन बदल्यांच्या वेळा, संवर्ग, रिक्त जागा यातलं काहीच तुझ्या हातात नाही आणि ‘बदली झाली की सुटेन’ म्हणत तू आज करायच्या गोष्टी पुढे ढकलशील. मे महिन्याची सुट्टी मात्र तुझ्या हातात आहे. त्या सहा आठवड्यांत त्याच्याशी एकही खासगी बोलणं होऊ देऊ नकोस. निकालाचं काम संपलं की ‘जूनमध्ये भेटू’ म्हणायचं आणि खरोखर जूनमध्येच भेटायचं. सुट्टीतली कामं असतील तर ग्रुपवर. सुट्टीनंतरही शाळेचं फाटक दिसताच पोटात खड्डा पडत असेल आणि बदलीची फेरी चालू असेल, तर तेव्हा त्याचा विचार कर.

होकाराबद्दल मी ठाम आहे. सध्या देऊ नकोस. आईला एवढंच सांग की दिवाळीपर्यंत मला वेळ हवा. कारण सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर नको. आज समोर येणाऱ्या प्रत्येक मुलाला तू याच्या शेजारी उभं करून मोजशील आणि त्यात तो बिचारा हरणारच. अर्ध्या मनाने दिलेल्या होकारात आणखी एक माणूस तिथे उभं राहील, जिथे आज तू उभी आहेस.

कधी संपणार याचं खरं उत्तर म्हणजे, हे आठवड्यांत मोजायचं काम नाही. टेनॉव्ह बाईंच्या अंदाजाप्रमाणे अशी ओढ बहुतेकांत सुरुवातीपासून शेवटापर्यंत दीड ते तीन वर्षं टिकते. तुझी त्यातली बरीच वर्षं होऊन गेलेली असावीत. आणि ती एका सरळ रेषेत उतरत नाही. पंधरा दिवस बरे जातात आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्याला मुलांचा नाच बसवताना बघून सगळं परत उसळतं. तेव्हा ‘मी होते तिथेच आले’ असं मानू नकोस. किती वेळ टिकलं ते बघ. आधी चार दिवस जात होते, आता दुसऱ्या सकाळी चहा नेहमीसारखा लागला, तर उतार चालू आहे. तो प्रशिक्षणाला गेलेला दिवस रिकामा न वाटता फक्त कामाचा वाटला, हीही खूण आहे. आणि तो शाळेत उशिरा आल्यावर काळजीऐवजी नुसता वैताग आला, तर समज की बरंच काही सुटलंय. याउलट तीन महिने सगळं पाळूनही काहीच हललं नाही, तर कुठेतरी खाद्य चालू आहे. बहुधा फोनमध्ये, किंवा त्याची बातमी देणाऱ्या एखाद्या मैत्रिणीच्या तोंडून. तिला सांगून ती वाटही बंद कर.

झोप-जेवण दोन-दोन आठवडे बिघडलं, मुलांसमोर उभं राहणं जमेना किंवा जगण्याचाच कंटाळा वाटू लागला, तर मात्र तो वेगळा विषय आहे आणि त्याला डॉक्टरांची मदत लागते. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

त्याचं लग्न ठरेल. कदाचित या उन्हाळ्यातच. ती बातमी त्याच्याकडून ऐकलीस तर ‘अभिनंदन सर’ म्हण आणि पुढचा तास घे. घरी गेल्यावर रडलीस तरी हरकत नाही, त्या रात्री बहिणीला मात्र आधीच सांगून ठेव. लग्नाला जायलाच हवं असं नाही. मराठवाड्यात लांब असेल तर केंद्रातल्या शिक्षकांबरोबर आहेर पाठवून दे. जावंसं वाटलं तर सगळ्यांबरोबरच्या गाडीने जा आणि त्याच गाडीने परत ये. मागे थांबू नकोस.

तुला मैत्रिणी सांगत असतील की एवढा चांगला मित्र तोडू नकोस. मला ते पटत नाही, निदान आत्ता नाही. तो आज तुझा मित्र असेल, पण तू त्याची मैत्रीण नाहीस. तू वाट बघणारी आहेस, आणि त्या भूमिकेतून केलेली मैत्री दोघांनाही फसवते. पुढे कधीतरी त्याच्या बायकोचं कौतुक त्याच्याच तोंडून ऐकताना तुझ्या आत काहीच आवळलं गेलं नाही, तर डबा पुन्हा एकत्र खायला हरकत नाही. तसं कधीच झालं नाही, तरी तुम्ही दोघं मिळून ती शाळा उत्तम चालवू शकता. पोरांना पाढे शिकवायला दोन चांगले सहकारी पुरतात.

तुझी,
ताई